एका जिवाणूत पाच औषधांचा प्रतिकार: जनुकं एकत्र बसली आहेत की वेगवेगळी, हे कसं शोधायचं

ठाणे, वाशी, नेरूळ भागातल्या कॉलेजांमध्ये एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टसाठी दरवर्षी कुणीतरी हा विषय घेतं: लघवीच्या नमुन्यातला ई. कोलाय, चार-पाच अँटिबायोटिक्सना न जुमानणारा, आणि त्यात इंटिग्रॉन आहे का याचा शोध. पीसीआर लावला, पट्टी दिसली, आणि रिपोर्टमध्ये वाक्य येतं, 'इंटिग्रॉनमुळे बहुऔषध प्रतिकार आढळला.' व्हायव्हात हे वाक्य पहिल्या प्रश्नातच कोसळतं. पट्टीने फक्त इंटिग्रेजचं जनुक असल्याचं सांगितलेलं असतं. कोणत्या औषधाचा प्रतिकार त्यात बसला आहे, किती जनुकं एकापाठोपाठ आहेत आणि ती सगळी एकदम दुसऱ्या जिवाणूत जाऊ शकतात का, यातलं काहीच त्या पट्टीत नसतं.

हा लेख तेवढ्याच कामाचा आहे. एक ई. कोलाय घ्यायचा आणि त्याच्या प्रत्येक प्रतिकाराचा पत्ता शोधायचा.

1. आधी थर वेगळे करा

प्रतिकाराची जनुकं एकमेकांच्या पोटात बसलेल्या थरांमध्ये असतात. सगळ्यात आत असते जनुक-कॅसेट. यात एक जनुक आणि त्याच्या शेपटीला 'अॅट-सी' नावाचा तुकडा, एवढंच असतं. बहुतेक कॅसेटना स्वतःचा प्रमोटर नसतो.

कॅसेट ज्यात बसतात तो इंटिग्रॉन. क्लास 1 इंटिग्रॉनच्या एका टोकाला इंटिग्रेज एन्झाइमचं जनुक असतं. त्याच्या शेजारी 'अॅट-आय' ही कॅसेट जोडायची जागा असते, आणि इंटिग्रेजच्या जनुकातच उलट दिशेला तोंड केलेला 'पी-सी' प्रमोटर असतो. सगळ्या कॅसेट या एका प्रमोटरवर चालतात. दुसऱ्या टोकाला बहुधा जंतुनाशकाच्या प्रतिकाराचं अर्धवट जनुक आणि सल्फा औषधांच्या प्रतिकाराचं जनुक, म्हणजे सल-1, असतं. ही दोन्ही कॅसेट नव्हेत, तो इंटिग्रॉनचा ठरलेला शेवट आहे.

लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की इंटिग्रॉन स्वतः उडी मारत नाही. तो कॅसेट गोळा करतो आणि चालवतो, हलण्यासाठी मात्र त्याला ट्रान्सपोझॉन लागतो. ट्रान्सपोझॉन डीएनएच्या एका जागेवरून दुसरीकडे जातो, पण पेशीच्या बाहेर पडत नाही. एका जिवाणूतून दुसऱ्यात जाण्याचं काम मुख्यतः प्लाझ्मिड करतं. कॅसेट, इंटिग्रॉन, ट्रान्सपोझॉन, प्लाझ्मिड: प्रत्येक थराचा पुरावा वेगळा द्यावा लागतो, आणि आतल्या थराच्या पुराव्यावरून बाहेरचा गृहीत धरता येत नाही.

याचं अभिजात उदाहरण म्हणजे टीएन21. 1950च्या दशकात जपानमध्ये आमांशाच्या शिगेला जिवाणूत सापडलेल्या आर100 प्लाझ्मिडवर तो बसलेला आहे. सुमारे 20 हजार बेसच्या या ट्रान्सपोझॉनमध्ये पाऱ्याच्या प्रतिकाराची जनुकं आहेत, आणि त्याच्या पोटात एक क्लास 1 इंटिग्रॉन, ज्यात स्ट्रेप्टोमायसिनची एक कॅसेट.

2. कागद आणि सामान

जिवाणू रुग्णाच्या नमुन्यातला असेल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीचं पत्र आधी घ्या, नंतर नव्हे. पॅथॉलॉजी लॅब किंवा रुग्णालय जिवाणू देतंय त्याचं लेखी पत्र, नाव-पत्ता काढून टाकलेला नमुना-क्रमांक, नमुन्याचा प्रकार आणि तारीख एवढं एका कागदावर असू द्या. काम बीएसएल-2 पातळीवर. वापरलेल्या प्लेटा लॅबमध्येच ऑटोक्लेव्ह करून मग पिवळ्या पिशवीत जातात. एमआयडीसीचा पाण्याचा शटडाउन बहुधा आदल्या दिवशी कळतो, म्हणून ऑटोक्लेव्ह आणि डिस्टिल्ड वॉटरचा साठा त्या हिशेबाने ठेवा.

सामानात म्युलर-हिंटन अगार, अँटिबायोटिकच्या चकत्या, ई. कोलाय एटीसीसी 25922 हा नियंत्रण-जिवाणू, टॅक पॉलिमरेजचं 2एक्स मास्टर मिक्स, खालचे प्रायमर, अगारोज आणि दोन लॅडर: 100 बेसचा आणि 1 केबीचा. इंटिग्रॉन असल्याची खात्री असलेला एक जिवाणू पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून कुठूनतरी मिळवाच. तो नसेल तर निगेटिव्ह निकालाला काही अर्थ उरत नाही.

पुढे मराठीत लिहिलेली नावं पडद्यावर आणि डेटाबेसमध्ये अशी दिसतात:

```
इंट-आय1        intI1
डीएफआर-ए17    dfrA17
एएडी-ए5       aadA5
सल-1          sul1
क्यूएसी-ई डेल्टा  qacEdelta1
एमपीएच-ए      mph(A)
सीटीएक्स-एम-15  blaCTX-M-15
आयएस26        IS26
```

3. चकत्यांवरून जिवाणू निवडा

अगार 4 मिलिमीटर जाड, जिवाणूंचं द्रावण 0.5 मॅकफार्लंड, 35 अंशांवर 16 ते 18 तास. हे तुम्हाला येतंच. नेहमीच्या यादीत मात्र स्ट्रेप्टोमायसिन नसतं, कारण लघवीच्या संसर्गावर ते कुणी देत नाही. इंटिग्रॉनच्या शोधात ती चकती (10 मायक्रोग्रॅम) मुद्दाम लावायची. क्लास 1 इंटिग्रॉनमध्ये ट्रायमेथोप्रिमची डीएफआर कॅसेट आणि स्ट्रेप्टोमायसिनची एएडी-ए कॅसेट ही जोडी फार वेळा सापडते. शेवटाला सल-1 असल्याने को-ट्रायमोक्साझोलचे दोन्ही घटक एकदम निकामी होतात.

लेखभर चालवायला एक नमुना-केस घेऊ. को-ट्रायमोक्साझोलला वर्तुळच नाही, म्हणजे 6 मिलिमीटर. स्ट्रेप्टोमायसिन 12. सेफोटॅक्झिम 10. सिप्रोफ्लॉक्सासिन 6. जेंटामायसिन 20, म्हणजे संवेदनशील. स्ट्रेप्टोमायसिनचं 12 हे 'इंटरमीडिएट' गटात येतं आणि नवखे ते सोडून देतात. सोडू नका. एएडी-ए कॅसेटचा परिणाम पुष्कळदा असाच अर्धवट दिसतो, विशेषतः ती रांगेत मागे असेल तर.

4. पहिला पीसीआर: इंटिग्रेज आहे का

ताज्या प्लेटवरच्या दोन-तीन वसाहती 100 मायक्रोलिटर पाण्यात मिसळा, 10 मिनिटं उकळा, 12,000 आरपीएमवर 5 मिनिटं फिरवा. वरचं पाणी हाच तुमचा डीएनए. वसाहती जास्त घेतल्या तर पीसीआर अडतो. 'पट्टी येत नाही' म्हणून आणखी वसाहती टाकणं हा उलटा उपाय आहे. दहापट पातळ करून पाहा.

```
intI1-F  CCTCCCGCACGATGATC
intI1-R  TCCACGCATCGTCAGGC    280 bp
5'-CS    GGCATCCAAGCAGCAAG
3'-CS    AAGCAGACTTGACCTGA    लांबी बदलती
```

25 मायक्रोलिटरच्या मिश्रणात मास्टर मिक्स 12.5, प्रत्येक प्रायमर (10 मायक्रोमोलर) 1, डीएनए 2 आणि पाणी 8.5. अॅनिलिंग 55 अंश, 35 फेऱ्या. 280 बेसची पट्टी आली की क्लास 1चं इंटिग्रेज आहे एवढं कळलं. क्लास 2 या प्रायमरने सापडणार नाही, त्याचे प्रायमर वेगळे.

खाडीच्या पाण्यावर काम करणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. ऐरोली किंवा कळव्याच्या बाजूने घेतलेल्या पाण्याचा थेट डीएनए काढला तर इंट-आय1 जवळपास हमखास मिळेल, कारण सांडपाणी पोचलेल्या पाण्यात हे जनुक असतंच. त्यावरून कुठल्या जिवाणूत काय आहे ते कळत नाही. पुढच्या पायऱ्यांसाठी वेगळी केलेली शुद्ध वसाहतच हवी.

5. दुसरा पीसीआर: पोटात काय आहे

सगळ्यात जास्त गफलती इथे होतात. 5'-CS प्रायमर अॅट-आयच्या जागी बसतो आणि 3'-CS शेवटच्या ठरलेल्या भागात, त्यामुळे मधल्या सगळ्या कॅसेट एका तुकड्यात वाढतात. तुकड्याची लांबी आधी माहीत नसते, म्हणून 72 अंशांची वेळ मोठी ठेवा. साधी टॅक मिनिटाला साधारण 1 केबी वाचते, तेव्हा निदान 3 मिनिटं. जेल 1 टक्का, लॅडर 1 केबीचा.

पट्टी साधारण 1 केबीची आली तर बहुधा एकच एएडी-ए कॅसेट. 1.6 ते 1.7 केबी म्हणजे बहुधा डीएफआर आणि एएडी-ए अशा दोन. 1.9 केबीच्या आसपास डीएफआर-ए12, मध्ये एक अज्ञात कामाची कॅसेट आणि मग एएडी-ए2, ही रांग नेहमी भेटते. हे अंदाज आहेत, ओळख नव्हे. डीएफआर-ए1 आणि डीएफआर-ए17 ही दोन्ही जनुकं 474 बेसची, आणि त्यांच्या मागच्या एएडी-ए1 व एएडी-ए5 यांची लांबीही जवळजवळ सारखी. जेलवर त्या दोन रांगा वेगळ्या सांगणं शक्य नाही. लांबी बघून नाव लिहिलेले प्रबंध सापडतात. तुमचा त्यात नको.

सुमारे 150 बेसची पट्टी आली तर इंटिग्रॉन रिकामा आहे. 1 टक्क्याच्या जेलवर ही पट्टी पुढे निघून जाते किंवा प्रायमर-डायमर समजून सोडली जाते. शंका असेल तर तोच नमुना 2 टक्क्यांच्या जेलवर 100 बेसच्या लॅडरसोबत चालवा. एकाच जिवाणूत एक रिकामा आणि एक भरलेला इंटिग्रॉन असेल तर पीसीआर छोटा तुकडाच भराभर वाढवतो आणि मोठा झाकला जातो. दोन पट्ट्या दिसल्या तर दोन्ही जेलमधून वेगवेगळ्या कापून शुद्ध करा. एकत्र सीक्वेन्सिंगला पाठवल्या तर आलेखावर एकमेकांवर चढलेली शिखरं येतील आणि पैसे वाया जातील.

आता सगळ्यात त्रासदायक निकाल: इंट-आय1 आहे, पण दुसऱ्या पीसीआरला काहीच नाही. याचा अर्थ 'कॅसेट नाहीत' असा लावू नका. रिकाम्या इंटिग्रॉनलाही 150 बेसची पट्टी येते. काहीच न येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे 3'-CS प्रायमर बसायची जागाच उरलेली नाही. आयएस26 सारखा उडता तुकडा आत घुसला की इंटिग्रॉनचा शेवट कापला जातो. काही इंटिग्रॉनमध्ये सल-1च्या जागी सल-3 असलेला वेगळाच शेवट असतो. किंवा रांग इतकी लांब आहे की साध्या टॅकला झेपत नाही. लांब तुकड्यांसाठीचं पॉलिमरेज वापरून बघा, तरी नसेल तर सातव्या पायरीवर जा.

आपल्या नमुन्यात साधारण 1.7 केबीची एकच स्वच्छ पट्टी आली असं धरू.

6. सीक्वेन्स वाचणं

सँगर सीक्वेन्सिंगचं एक वाचन 700 ते 900 बेसपर्यंत भरवशाचं असतं. 1.7 केबीच्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी वाचलं तरी मध्ये फट राहू शकते, आणि ती नेमकी दोन कॅसेटच्या सांध्याजवळ पडते. पहिली वाचनं हाती आली की आतला एक प्रायमर बनवून तिसरं वाचन मागवा. सांधा वाचल्याशिवाय 'या दोन कॅसेट शेजारी आहेत' असं लिहिता येत नाही.

5'-CS कडून आलेल्या वाचनात साधारण 100 बेसच्या आत ही खूण शोधा:

```
CCTAAAACAAAGTT
```

इथे अॅट-आय संपतं आणि यातल्या शेवटच्या `GTT` पासून पहिली कॅसेट सुरू होते. प्रत्येक पुढच्या कॅसेटची सुरुवातही `GTTRRRY` या सात अक्षरांच्या साच्यात असते, ज्यात `R` म्हणजे ए किंवा जी आणि `Y` म्हणजे सी किंवा टी. या खुणांवर पेनाने रेघा मारून कॅसेट वेगळ्या करा आणि मग एकेक तुकडा ब्लास्टला द्या. अख्खा सीक्वेन्स एकदम दिला तर वरचा निकाल कुठल्यातरी पूर्ण प्लाझ्मिडचा येतो आणि रांगेतला छोटा फरक नजरेतून सुटतो.

आपल्या केसमध्ये पहिली कॅसेट डीएफआर-ए17 आणि दुसरी एएडी-ए5 निघाली. क्रमाला अर्थ आहे. पी-सी प्रमोटरजवळची कॅसेट जोरात चालते, मागची मंद. ट्रायमेथोप्रिमचा प्रतिकार ठाम आणि स्ट्रेप्टोमायसिनचा 12 मिलिमीटरवर अडलेला, हे या क्रमाशी जुळतं. मात्र पी-सी प्रमोटर स्वतः या तुकड्यात येत नाही, तो 5'-CS प्रायमरच्या आधी इंटिग्रेजच्या जनुकात आहे. त्याचे कमजोर आणि जोरदार असे प्रकार आहेत, टोकाच्या दोन प्रकारांत सुमारे 30 पट फरक पडतो. त्यामुळे 'प्रमोटर जोरदार आहे' असं लिहायचं असेल तर तो भाग वेगळा वाचा.

7. बाहेरचा थर: ट्रान्सपोझॉन

पीसीआरने इथपर्यंत येता येतं. इंटिग्रॉनच्या दोन्ही बाजूंना काय आहे हे पाहायला पूर्ण जीनोम लागतो. महापे-रबाळे पट्ट्यात किंवा बाहेर कुठे सीक्वेन्सिंग करून घेणार असाल तर पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: वाचनं लांब आहेत की आखूड?

आखूड वाचन साधारण 150 बेसचं असतं. आयएस26 आहे 820 बेसचा, आणि एका प्लाझ्मिडवर त्याच्या अनेक प्रती असतात. आखूड वाचन एका प्रतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून जोडणी करणारा प्रोग्रॅम सगळ्या प्रती एकच समजतो आणि प्रत्येक आयएस26पाशी काँटिग तुटतो. परिणामी प्रतिकाराची जनुकं पाच-सहा छोट्या तुकड्यांत विखुरलेली दिसतात. ही चूक ओळखायची खूण अशी: 820 बेसच्या छोट्या काँटिगची खोली, म्हणजे कव्हरेज, बाकी काँटिगच्या चार-पाच पट दिसते. असं असेल तर त्या जोडणीवरून शेजार सिद्ध होत नाही. नॅनोपोअरसारखी लांब वाचनं घ्या.

जोडणी हाती आली की:

```
integron_finder --local-max --func-annot assembly.fasta
amrfinder -n assembly.fasta -O Escherichia --plus
```

पहिला प्रोग्रॅम इंटिग्रॉनला तीनपैकी एक नाव देतो. `complete` म्हणजे इंटिग्रेज आणि कॅसेट दोन्ही आहेत, `In0` म्हणजे फक्त इंटिग्रेज, `CALIN` म्हणजे इंटिग्रेजशिवाय नुसत्या कॅसेट. आखूड वाचनांच्या जोडणीत `CALIN` आला तर आधी काँटिगचं टोक तपासा. बहुतेक वेळा इंटिग्रेज नाहीसं झालेलं नसतं, ते दुसऱ्या काँटिगवर पडलेलं असतं. दुसऱ्या आज्ञेतलं `--plus` विसरू नका. त्याशिवाय पारा आणि जंतुनाशकांची जनुकं यादीत येत नाहीत, आणि टीएन21च्या जातीचा ट्रान्सपोझॉन ओळखायला पाऱ्याचीच जनुकं पहिला सुगावा देतात. उल्हासच्या मुखाकडच्या आणि ठाणे खाडीच्या गाळातला पारा हा जुना अभ्यासविषय आहे, त्यामुळे तिथले जिवाणू घेतलेल्यांनी हा रकाना मुद्दाम बघावा.

टीएन21सारखा ट्रान्सपोझॉन सिद्ध करायचा तर दोन्ही टोकांना 38 बेसचे उलटे-सुलटे सारखे तुकडे आणि त्यांच्या लगेच बाहेर, दोन्हीकडे, तीच पाच अक्षरं मिळाली पाहिजेत. ती पाच अक्षरं उडी मारून बसल्याची खूण. आयएस26ची खूण आठ अक्षरांची, पण ती नसेल तर लगेच नकार देऊ नका. आयएस26 पुष्कळदा शेजारच्या दुसऱ्या आयएस26ला जाऊन चिकटतो आणि तेव्हा नवी खूण तयारच होत नाही.

8. पत्ते लिहा

आपल्या केसच्या लांब वाचनांत अशी रांग मिळाली असं धरू. अशी मांडणी ई. कोलायच्या एसटी131 गटात खरोखर वारंवार सापडते:

```
IS26 - intI1 - dfrA17 - aadA5 - qacEdelta1 - sul1 - chrA - IS6100 - mphR - mrx - mph(A) - IS26
```

आता एकेक औषध घ्या. को-ट्रायमोक्साझोल: डीएफआर-ए17 कॅसेट आणि सल-1, दोन्ही एकाच इंटिग्रॉनमध्ये. यादीत सल-2 पण आलं असेल तर तेही नोंदवा, ते इंटिग्रॉनचं नाही. स्ट्रेप्टोमायसिन: एएडी-ए5. पण यादीत एसटीआर-ए आणि एसटीआर-बी ही जोडी, तिथे `aph(3'')-Ib` आणि `aph(6)-Id` या नावांनी, असेल तर श्रेय एएडी-ए5ला देता येणार नाही, कारण ती जोडीही तेच काम करते आणि तिचा इंटिग्रॉनशी संबंध नाही. एएडी-ए5 जेंटामायसिनवर चालत नाही, आणि 20 मिलिमीटरचं वर्तुळ त्याच्याशी जुळतंच.

एमपीएच-ए हे अझिथ्रोमायसिन निकामी करणारं जनुक. त्याची चकती तुम्ही लावलीच नव्हती. ते कॅसेट नाही, इंटिग्रॉनच्या बाहेर आहे, पण त्याच दोन आयएस26च्या मध्ये आहे. म्हणजे इथे जनुकं एकत्र धरणारी चौकट इंटिग्रॉनपेक्षा मोठी आहे. पाचव्या पायरीवर थांबला असतात तर हे कधीच दिसलं नसतं.

सेफोटॅक्झिम: सीटीएक्स-एम-15. हे जनुक आयएस-ईसीपी1 नावाच्या उडत्या तुकड्याच्या मागे सापडतं, कॅसेट म्हणून नाही. ते त्याच प्लाझ्मिडवर असू शकतं किंवा गुणसूत्रावर. कोणत्या काँटिगवर आहे ते पाहूनच लिहा. एनडीएमचंही तसंच. आपल्याकडे कार्बापेनेमला न जुमानणारा जिवाणू मिळाला की मुलं इंटिग्रॉनमध्ये एनडीएम शोधत बसतात. ते मूळचं टीएन125 या ट्रान्सपोझॉनचं, अॅट-सी नसलेलं जनुक आहे आणि 5'-CS, 3'-CS च्या तुकड्यात ते दिसण्याची अपेक्षाच धरू नये. कॅसेट म्हणून येणारी कार्बापेनेमेज म्हणजे व्हीआयएम आणि आयएमपी.

सिप्रोफ्लॉक्सासिन: या गटात बहुधा गुणसूत्रावरच्या जायर-ए आणि पार-सी जनुकांतले बदल. `amrfinder`ला `-O Escherichia` दिलं तरच ते यादीत येतात. हे बदल कोणत्याही ट्रान्सपोझॉनवर बसलेले नाहीत आणि त्या रांगेबरोबर दुसऱ्या जिवाणूत जाणार नाहीत.

रिपोर्टच्या तक्त्यात म्हणूनच पाच औषधांसमोर पाच वेगळे पत्ते येतील, आणि एकत्र जाणाऱ्या गटात को-ट्रायमोक्साझोल, स्ट्रेप्टोमायसिन, अझिथ्रोमायसिन एवढेच; सीटीएक्स-एम-15 त्याच प्लाझ्मिडवर निघालं तरच सेफोटॅक्झिमही. 'जाऊ शकतात' असं लिहा, 'जातात' असं नाही. जातात हे म्हणायला कॉन्जुगेशनचा वेगळा प्रयोग लागतो आणि त्यासाठी संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीची परवानगीही वेगळी घ्यावी लागते.